व्हिटॅमिन डी कमी आलं. पण अंग दुखतंय ते त्यामुळेच का?

रक्ताच्या तपासणीचा कागद हातात येतो. व्हिटॅमिन डीसमोर ९ किंवा ११ असा आकडा असतो, शेजारी 'कमी' असा शिक्का. पाठ, कंबर, पाय तर गेलं वर्षभर दुखतच असतात. दोन गोष्टी आपोआप जोडल्या जातात, औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात आणि महिन्याभराने प्रश्न उभा राहतो: गोळ्या घेतल्या, मग दुखणं का गेलं नाही?

कमी आकडा आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्यांचं नातं अगदी घट्ट असतं आणि उपचारांनी माणूस अक्षरशः उठून चालायला लागतो. कधी त्यांचं एकमेकांशी काहीच देणंघेणं नसतं, कारण व्हिटॅमिन डीची कमतरताही सर्रास आढळते आणि अंगदुखीही. नातं आहे की नाही हे बऱ्याच अंशी ओळखता येतं. त्यासाठी आधी हाडाच्या आत काय घडतं ते बघावं लागेल.

हाड मऊ कसं पडतं

व्हिटॅमिन डीचं मुख्य काम आतड्यात चालतं. जेवणातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तात ओढून घ्यायला ते लागतं. ते पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शरीरात जातं. ते फार कमी असेल तर जेमतेम १० ते १५ टक्के जातं, बाकीचं तसंच बाहेर पडतं.

रक्तातलं कॅल्शियम मात्र शरीर घसरू देत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि नसांचं काम त्यावर चालतं. गळ्यात थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईड नावाच्या चार छोट्या ग्रंथी असतात. कॅल्शियम घसरायला लागलं की त्यांचं संप्रेरक वाढतं आणि हाडातला साठा फोडून कॅल्शियम रक्तात आणतं. म्हणून कमतरता चांगली मुरलेली असली तरी तपासणीत कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसतं, आणि तेवढ्यावरून 'हाडं उत्तम आहेत' असा निष्कर्ष काढला जातो. घरातले दागिने विकून महिन्याचा खर्च भागवावा, तसा हा प्रकार. वरून सगळं सुरळीत दिसतं.

याच संप्रेरकामुळे फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातो, आणि खरं नुकसान इथे होतं. हाड आयुष्यभर थोडं थोडं झिजतं आणि थोडं थोडं नव्याने बांधलं जातं. बांधणीत आधी प्रथिनांचा मऊ सांगाडा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे कण बसून तो कडक होतो. कण कमी पडले तर सांगाडा तयार होत राहतो, पण भरला जात नाही. स्लॅबच्या सळ्या बांधून तयार असाव्यात आणि सिमेंटच येऊ नये, तसं. मोठ्या माणसांतल्या या आजाराला 'ऑस्टिओमलेशिया' म्हणतात. मी पुढे त्याला मऊ हाडांचा आजार म्हणेन. लहान मुलांत हेच घडलं की मुडदूस होतो आणि वाढत्या हाडांना बाक येतो.

हाडं ठिसूळ होणं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे सिमेंट पडलेलं असतं, पण खांबच कमी झालेले असतात. ठिसूळ हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. मऊ हाड मात्र दुखतं.

ते दुखणं कसं असतं

हाडाच्या आतल्या भागापेक्षा त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणात संवेदनेच्या नसा भरपूर असतात. न भरलेला मऊ सांगाडा पाणी धरून थोडा फुगतो आणि या आवरणाला आतून ताण देतो, असं या दुखण्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून हे दुखणं टोचणारं किंवा चमकणारं नसतं. ते खोल, मंद, ठणकल्यासारखं असतं, आणि बोट ठेवून 'इथे' असं दाखवता येत नाही. कंबर, कुल्ले, मांड्या, बरगड्या, नडग्या, पावलं अशा वजन पेलणाऱ्या भागात ते जास्त असतं. उभं राहिलं, चाललं की वाढतं.

एक साधी खूण घरीही पाहता येते. नडगीच्या पुढच्या बाजूला, जिथे कातडीखाली थेट हाड लागतं, तिथे अंगठ्याने घट्ट पण बेताने दाबा. मग छातीच्या मधल्या हाडावर दाबा. निरोगी माणसाला दाब जाणवतो, दुखत नाही. मऊ हाडांच्या आजारात माणूस हात झटकतो. ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण दुखणं स्नायूंत आहे की हाडांत, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरी खूण माझ्या मते जास्त बोलकी आहे: स्नायूंचा अशक्तपणा, आणि तोही ठरावीक जागी. खांदे आणि मांड्या, म्हणजे धडाला चिकटून असलेले मोठे स्नायू, आधी ढिले पडतात. हाताची पकड शाबूत असते. बरणीचं झाकण उघडतं, पण जमिनीवरून उठताना माणूस दोन्ही हात मांड्यांवर टेकवून स्वतःला वर ढकलतो. जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढून घेतो. वरच्या फळीवरचा डबा काढताना दंड थरथरतात. पुढच्या टप्प्यात चाल बदलते, माणूस बदकासारखा दोन्ही बाजूंना झुलत चालतो. तोल गेला तर झटकन सावरण्याचं काम ज्या वेगवान स्नायुतंतूंचं असतं, तेच या कमतरतेत जास्त बारीक होतात. म्हणून वयस्कर माणसं पडतात.

'सगळं अंग दुखतं, थकवा येतो, झोप नीट नाही, पण जिना चढताना काही अडत नाही' हे चित्र याच्याशी जुळत नाही. तिथेही आकडा कमी येऊ शकतो आणि तो दुरुस्त करायला काही हरकत नाही. पण त्याने अंगदुखी जाईलच, असं मी म्हणणार नाही.

मग आकड्याचं काय समजायचं

रक्तात जे मोजलं जातं त्याला २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी म्हणतात. ते यकृतात तयार होतं आणि शरीरातला साठा दाखवतं. मूत्रपिंड त्यापासून प्रत्यक्ष काम करणारं रूप बनवतं. कोणी चुकून हे दुसरं रूप मोजलं तर फसगत होते, कारण साठा संपत आला तरी पॅराथायरॉईडच्या रेट्यामुळे ते नेहमीइतकं किंवा त्याहून जास्तही दिसू शकतं. कागदावर '२५' हे अंक आहेत का, ते आधी बघावं.

हाडांच्या दृष्टीने एका मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅमच्या वरची पातळी बहुतेकांना पुरते. १२ च्या खाली कमतरता स्पष्ट मानली जाते. मधल्या भागात आणि २० ते ३० च्या दरम्यान काय म्हणायचं, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बऱ्याच प्रयोगशाळा ३० च्या खालच्या सगळ्या आकड्यांवर 'अपुरं' असा शिक्का मारतात, त्यामुळे २४ आकडा असलेली माणसंही घाबरून जातात. २४ आकड्याने हाडं मऊ होत नाहीत. मऊ हाडांच्या आजारात आकडा बहुधा १० च्या खाली असतो आणि तसा बराच काळ राहिलेला असतो.

आकड्यासोबत आणखी तीन तपासण्या पाहिल्या की नातं उघड होतं. रक्तातला फॉस्फरस कमी, पॅराथायरॉईड संप्रेरक वाढलेलं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढलेलं. हे विकर हाड बांधणाऱ्या पेशींतून येतं. काम पुरं होत नाही म्हणून पेशी जास्त धडपडतात आणि ते वाढतं. आकडा ९, पण या तिन्ही तपासण्या ठीक असतील, तर हाडं अजून तग धरून आहेत. अशा वेळी दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

बेचाळीस वर्षांच्या एक बाई. काम घरात बसून, बाहेर पडणं संध्याकाळी, तेही अंगभर कपड्यांत. मांसाहार नाही. दीड वर्ष कंबर आणि मांड्या दुखतात, उजवा गुडघाही दुखतो. कंबरेचा एमआरआय झालाय आणि त्यात वयाप्रमाणे थोडी झीज निघालीय. वेदनाशामक गोळ्या घेऊन झाल्या.

डॉक्टर त्यांना एवढंच म्हणतात, "ताई, हातांची घडी घाला आणि खुर्चीतून उठा." त्या पुढे झुकतात, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी हात सोडून खुर्चीचा दांडा धरतात. "अहो डॉक्टर, मला वाटलं वजन वाढलंय म्हणून होतंय," त्या म्हणतात. नडगी दाबल्यावर पाय मागे घेतात.

तपासणीत व्हिटॅमिन डी ६, कॅल्शियम खालच्या मर्यादेजवळ पण ठीक, फॉस्फरस २.१ म्हणजे कमी, पॅराथायरॉईड संप्रेरक नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट, अल्कलाइन फॉस्फेटेज दुप्पट. स्नायूंना सूज असल्यास वाढणारं सीपीके मात्र ठीक. इथे सगळ्या खुणा एकाच दिशेला जातात. हा मऊ हाडांचा आजार आहे.

उन्हात बसून भागणार नाही का?

कातडीतल्या एका घटकावर उन्हातले अतिनील बी किरण पडले की त्याचं व्हिटॅमिन डी होतं. १९१९ साली जर्मनीत हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकून आजार बरा होतो हे दाखवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. पण ऊन म्हटलं की सगळं ऊन सारखं नसतं.

सकाळचं कोवळं ऊन उत्तम, असं आपण ऐकत आलोय. ते सुखद असतं हे खरं. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण तिरपे येतात, हवेचा जाड थर ओलांडतात आणि बी किरण वाटेतच जवळपास संपतात. सावलीची एक सोपी खूण आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून फारसं व्हिटॅमिन डी मिळत नाही, आखूड असेल तर मिळतं. म्हणजे साधारण दुपारच्या आसपासचा वेळ. विषुववृत्तापासून खूप दूरच्या प्रदेशात हिवाळ्यात दुपारीही सावली आखूड होत नाही, म्हणून तिथे त्या महिन्यांत ऊन कामाचं नसतं.

काचेतून बी किरण येत नाहीत. खिडकीशी किंवा गाडीत बसून ऊब लागते, व्हिटॅमिन डी बनत नाही. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य हे किरण शोषून घेतं, म्हणून गोऱ्या माणसाला जेवढा वेळ पुरतो त्याच्या कित्येक पट वेळ सावळ्या माणसाला लागू शकतो. वय वाढलं की कातडीतला मूळ घटकच घटतो. 'मी रोज उन्हातून जाते, तरी कसं कमी?' याचं उत्तर बहुधा यातच सापडतं: वेळ चुकीची, आणि उघडी कातडी फक्त चेहरा नि तळहात.

हात आणि पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस, कातडी लाल होण्याच्या खूप आधी थांबून, घेतलेलं ऊन पातळी टिकवायला मदत करतं. किती मिनिटं, हे रंग, जागा, ऋतू यावर इतकं ठरतं की सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देणं मला प्रामाणिक वाटत नाही. मात्र पातळी ६ असताना आणि हाडं दुखत असताना नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नये. पातळी वर यायला फार वेळ जातो आणि तोवर हाड मऊच राहतं.

आणि आहारातून?

व्हिटॅमिन डी देणारे पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, अतिनील प्रकाशात ठेवलेली अळंबी आणि मुद्दाम व्हिटॅमिन घातलेलं दूध किंवा तेल. साध्या दुधात ते नगण्य असतं. दूध कॅल्शियमसाठी चांगलं, व्हिटॅमिन डीसाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

प्रमाणाचा अंदाज घ्या. व्हिटॅमिन डी 'आययू' या एककात मोजतात. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू आणि सत्तरीनंतर ८०० आययू धरली जाते. एका बलकात साधारण ४० आययू असतं. वरच्या बाईंना आठ आठवड्यांत एकूण ४ लाख ८० हजार आययू द्यायचं आहे; ते बलकांतून द्यायचं तर सुमारे १२ हजार अंडी लागतील.

तरी आहार बाजूला टाकता येत नाही, कारण सिमेंट आहारातूनच येतं. गोळ्यांनी दार उघडलं आणि आत यायला कॅल्शियमच नसलं तर उपयोग काय? दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दह्यातून किंवा इतर पदार्थांतून ते भरत नसेल तर उरलेलं गोळीतून घ्यावं. फार मऊ हाडं भरायला लागली की ती रक्तातलं कॅल्शियम वेगाने ओढतात. अशा वेळी कॅल्शियम कमी पडलं तर बोटांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. उपचार सुरू केल्यावर असं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

गोळ्या: किती, कशा, आणि कुठे चुकतं

त्या बाईंना कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन डी ३, आठवड्यातून एकदा ६० हजार आययू असं आठ आठवडे दिलं. त्यानंतर रोज १००० आययू, कायम. काही ठिकाणी आठवड्याची गोळी ५० हजारांची असते, हिशोब तोच. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं, म्हणून गोळी रिकाम्या पोटी न घेता दिवसाच्या मोठ्या जेवणासोबत घ्यावी.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द घाईत निसटतात. महिनाभर असं झालं तर १८ लाख आययू पोटात जातं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, डोकं गुंगणं, आणि मूत्रपिंडाला इजा. जास्तीचं व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी त्रास लगेच ओसरत नाही. उन्हाने असं होत नाही, कारण कातडी जास्तीचं स्वतःच मोडून टाकते. गोळीला तो लगाम नाही. म्हणून कॅलेंडरवर ठरावीक वारावर खूण करा आणि गोळी घेतली की ती खोडा.

दुसरी चूक 'एकदाच मोठा डोस घेऊन मोकळं व्हावं' ही. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सत्तरीच्या वरच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख आययू दिलं गेलं. पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं. थोडं थोडं, नियमित, हेच बरं.

तिसरी चूक म्हणजे कॅल्सिट्रिऑल असलेली गोळी. हे मूत्रपिंडात तयार होणारं कामाचं रूप आहे. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना ते लागतं. साध्या कमतरतेत त्याने साठा भरत नाही आणि कॅल्शियम मात्र अचानक वाढू शकतं. मुतखडा झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि आधीच कॅल्शियम जास्त असलेल्यांनी विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

बरं कधी वाटेल?

सुधारणा ठरावीक क्रमाने येते. आधी रक्त, मग स्नायू, शेवटी हाडं.

चौथ्या आठवड्यात त्या बाईंचा फॉस्फरस सुधारला होता, पण अल्कलाइन फॉस्फेटेज आधीपेक्षा थोडं वाढलं होतं. कागद बघून त्या घाबरल्या. खरं तर हे अपेक्षित होतं. इतके दिवस अडलेलं बांधकाम सुरू झालं की कामगार दुप्पट वेगाने लागतात. दुखणं तेव्हा जेमतेम कमी झालं होतं.

सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस त्या हात न टेकता जमिनीवरून उठल्या, आणि उठून झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. तीन महिन्यांनी व्हिटॅमिन डी ३४ झालं. त्याआधी ते पुन्हा मोजण्यात फारसा अर्थ नसतो, कारण रक्तातली पातळी स्थिरावायलाच तेवढा वेळ लागतो. दुखणं निम्म्यावर आलं होतं. सहा महिन्यांनी नडगी दाबली तर दुखत नव्हती. हाड पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, कारण जेवढ्या हळू ते मऊ झालं तेवढ्याच सावकाशीने भरतं. स्नायूंना ताकद परत मिळायला गोळ्यांबरोबर वापरही लागतो, म्हणून खुर्चीतून हात न लावता उठण्याचा व्यायाम त्या पहिल्या महिन्यापासून रोज करत होत्या.

गोळ्या झाल्या, आकडा वाढला, तरी दुखतंय

आकडा वाढलाच नसेल तर आधी विचारावं: गोळी खरंच घेतली गेली का? घेतली असेल तर आतडं ती शोषत नसेल. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक आजार किंवा पोटाची शस्त्रक्रिया अशा वेळी आठवावी. फेनिटॉइनसारखी फिटची काही औषधं आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन व्हिटॅमिन डी लवकर मोडून टाकतात. तिथे डोस वेगळा लागतो.

आकडा ३० च्या वर जाऊन तीन-चार महिने झाले आणि दुखणं जसंच्या तसं असेल, तर व्हिटॅमिन डीला दोष देणं थांबवावं. गोळ्या वाढवून उपयोग नाही. थायरॉईड, सांध्यांचे आजार, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांकडे बघावं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एकाच जागी वाढत जाणारं दुखणं, वजन घटणं किंवा ताप असेल तर तीन महिने थांबायचंच नाही, आधी तपासणी. मांडीचं हाड किंवा जांघ एका बाजूला अचानक दुखायला लागली आणि पाय टेकवेना, तर एक्स-रे काढावा. मऊ हाडात बारीक तडे जातात आणि ते कधी पूर्ण मोडतात.

त्या बाईंचा उजवा गुडघा सहा महिन्यांनंतरही दुखत होता. तो सांध्याच्या झिजेचा होता, आणि त्याचा इलाज वेगळा सुरू झाला.